पोर्टफोलिओवर खरं मत हवंय? मग जे पान तुम्ही गाळलंत, त्याबद्दल मेसेजमध्ये लिहा

जानेवारीत डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, म्हणजे एम.डेस.ची, सीड ही प्रवेश परीक्षा उरकली की माझ्या फोनवर एकाच साच्यातले मेसेज यायला लागतात. 'ताई, पोर्टफोलिओ पाठवलाय, प्रामाणिक मत द्या.' मी प्रॉडक्ट डिझायनर आहे. इंजिनिअरिंगनंतर एम.डेस. केलं, आता पुण्यात नोकरी करते. प्रवेशाच्या दिवसांत दहा-बारा जण तरी विचारतात, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना माझ्याकडून प्रामाणिक मत मिळत नाही. 'छान आहे, मांडणी थोडी सुटसुटीत कर, शुभेच्छा' एवढंच मिळतं. मी लबाडी करते असं नाही. मेसेजच असा असतो की त्यावर दुसरं काही लिहिता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी इचलकरंजीकडच्या एका मुलीने मला असाच मेसेज केला होता. तो फसला. आठवड्याभराने तिने दुसरा लिहिला, आणि त्यावर मी रात्री दीड तास बसले. दोन्ही मेसेज तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील काढून, इथे देते आहे. मधल्या आठवड्यात तिने काय काय केलं, हाच या लेखाचा विषय.

आधी एक खातरजमा. पोर्टफोलिओ सगळीकडे लागत नाही. बारावीनंतर यूसीड ही परीक्षा देऊन आयआयटीत बी.डेस. या पदवीला जाणाऱ्यांचा प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, तिथे पोर्टफोलिओ कुणी बघत नाही. एम.डेस.चं वेगळं आहे. पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात, जायचं तर सीडचे गुण हाती आल्यावर संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पुढच्या फेरीत मुलाखत असते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, म्हणजे एनआयडीच्या, एम.डेस.लाही प्राथमिक परीक्षेनंतरच्या टप्प्यात मुलाखत असते. या मुलाखतीत तुमचं काम समोर ठेवून प्रश्न विचारले जातात. नियम वर्षागणिक थोडेफार हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मार्गदर्शकाला 'पोर्टफोलिओ लागतो का हो?' असं विचारलंत की तिथेच तुमच्याबद्दलचा त्याचा उत्साह निम्मा होतो.

पहिला मेसेज

> नमस्कार ताई! तुमचं काम लिंक्डइनवर बघितलं, खूप प्रेरणादायी वाटलं. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि यंदा एम.डेस.साठी प्रयत्न करतेय. माझा पोर्टफोलिओ पाठवत आहे. वेळ मिळेल तेव्हा प्लीज बघा आणि प्रामाणिक मत द्या. काहीही बोललात तरी चालेल, मला वाईट वाटणार नाही 🙏

सोबत ड्राइव्हची लिंक. ती उघडली तर समोर `Request access`. परवानगी मागितली, ती दुसऱ्या दिवशी मिळाली. आत चौसष्ट पानं, सात कामं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, गिअरबॉक्सची कॅड मॉडेल्स, मावसभावाच्या बेकरीचा लोगो, पेन्सिलीने काढलेले चेहरे, फोटोग्राफी, तीन पोस्टर, आणि रसवंतीच्या चरकासाठी केलेलं एक सुरक्षा कवच.

मेसेजमध्ये वावगं काहीच नाही. भाषा नम्र, शुद्धलेखन बरं. पण वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. मुलाखत कधी आहे ते मला कळत नाही. म्हणजे 'हा प्रकल्प पुन्हा कर' म्हणायचं, की फक्त 'हे पान काढ' म्हणायचं, ते ठरवता येत नाही. कुठल्या शाखेला अर्ज केलाय ते माहीत नाही. इंडस्ट्रियल डिझाइनला असेल तर पोस्टर काढून टाकावीत, कम्युनिकेशन डिझाइनला असेल तर गिअरबॉक्स. कॉलेजचा प्रकल्प चौघांचा दिसतोय, त्यात हिने नेमकं काय केलं? आणि 'वाईट वाटणार नाही' हे वाक्य तर उलटंच काम करतं. ते वाचलं की मला आधी हिला वाईट वाटेल का, याचाच विचार पडतो.

मी लिहिलं, 'छान प्रयत्न आहे. पानं कमी कर, अक्षरांचे आकार सारखे ठेव.' तिने हात जोडल्याची दोन चिन्हं पाठवली. विषय संपला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, 'ताई, तुम्ही जे सांगितलंत ते मी केलं. पण मला अजून कळत नाहीये की काम चांगलंय की नाही.' त्या एका वाक्यामुळे मी तिला म्हटलं, थांब, मेसेज पुन्हा लिही. मी सांगते तसा.

लिहायच्या आधीचं काम

मेसेज लिहायला वीस मिनिटं लागतात. त्याआधीचं काम दोन-तीन दिवसांचं असतं, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

कुणाला पाठवायचं, ते आधी ठरवा. एकाच माणसाकडून सगळं मिळत नाही. माझ्या मते दोघं पुरेत: एक जण जो त्याच शाखेतून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलाय, आणि दुसरा जो डिझाइनमधला नाही पण तुमच्या प्रकल्पाच्या विषयातला आहे. रसवंतीचा प्रकल्प असेल तर रसवंती चालवणारा. हा दुसरा माणूस मोलाचा असतो आणि त्याला कुणीच विचारत नाही. ज्या संस्थेत अर्ज केलाय तिथे आत्ता शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मात्र विचारू नका. ते मुलाखतीच्या पॅनलवर असू शकतात. तुम्ही त्यांना अवघड जागी नेऊन बसवता. क्लासच्या सरांचं मत घ्यायला हरकत नाही, पण काही क्लासवाले मत देत नाहीत, हातातलं काम ओढून घेऊन स्वतःच नीट करून देतात. मग मुलाखतीत 'हा वक्र असा का?' असं विचारलं की उत्तर सरांकडे असतं आणि खुर्चीत तुम्ही असता.

मग छाटणी. सगळी सात कामं पाठवून 'यातली कुठली ठेवू?' असं विचारणं म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर ढकलणं. तिला मी विचारलं, 'प्रत्येक कामाबद्दल एकच सांग: यात तू स्वतः एखादा निर्णय घेतलास आणि तो नंतर बदलावा लागला, असं काय आहे?' पेन्सिलीच्या चेहऱ्यांबद्दल उत्तर नव्हतं. ते इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवरून काढलेले होते. गिअरबॉक्स अभ्यासक्रमातला होता, मापं पुस्तकातली. लोगो मावसभावाला आवडला म्हणून पहिलाच पक्का झाला होता. असं करत चार कामं आणि सव्वीस पानं उरली. मार्गदर्शकाकडे जाणारी फाइल एवढीच असावी. खरं तर त्यातलीही त्याने नीट वाचावीत अशी पानं पाच-सहाच.

फाइलचं थोडक्यात. पानं आडवी ठेवा, कारण ती मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर बघितली जाणार. प्रत्येक पानावर ठळक क्रमांक हवा. नाहीतर मत असं येतं, 'ते निळ्या चौकटीचं पान आहे ना, त्याच्या पुढचं.' पीडीएफ पंधरा-वीस एमबीच्या आत आणा. फोटोंचं रिझोल्यूशन कमी केलं की ती सहज येते. ड्राइव्हवर ठेवणार असाल तर `Anyone with the link` आणि पुढे `Commenter` निवडा, आणि लिंक स्वतः खाजगी विंडोत उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानांचे फोटो काढून पाठवले की ते दाबले जातात आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द नको. तो वाचला की समोरच्याला वाटतं, आता काय बदलणार ही?

दिवसांचा हिशेब उलट्या बाजूने करा. मुलाखतीच्या आदल्या तीन दिवसांत काही बदलायचं नाही, फक्त बोलायचा सराव. त्याआधी दुरुस्तीला दहा दिवस. त्याआधी मार्गदर्शकाला एक आठवडा, कारण तो नोकरी करतो आणि तुमची फाइल रविवारीच उघडणार आहे. म्हणजे साधारण तीन आठवडे आधी मेसेज जायला हवा. मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत थांबलात तर तेवढे दिवस हाती राहतीलच असं नाही. परीक्षा दिल्यावर, निकालाची वाट बघत असतानाच विचारा.

मेसेजचा गाभा

आता खरी गोष्ट. फोनवर मी तिला विचारलं, 'रसवंतीच्या कामात असं काय आहे जे तू पोर्टफोलिओत टाकलेलं नाहीस?'

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, 'काकांनी ते कवच दोन ग्लासांनंतर काढून ठेवलं.'

काम काय होतं ते आधी सांगते. चरकाच्या रोळांमध्ये बोटं जाऊ नयेत म्हणून तिने पत्र्याचं एक नळीसारखं तोंड आखलं होतं: लांबी दीडशे मिमी, फट साठ मिमी. उसाचं कांडं त्यातून आत सरकतं, हात बाहेर राहतो. पोर्टफोलिओत हे सहा पानांत होतं, शेवटी चकचकीत रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेलं तयार वस्तूचं चित्र. पुठ्ठ्याचा नमुना घेऊन ती या काकांच्या रसवंतीवर गेली होती. ऊस आत गेला, तिने फोटो काढला, आणि तो फोटो 'चाचणी' म्हणून चौदाव्या पानावर लावला. काकांनी नमुना काढून बाजूला ठेवला, ते कुठेच नव्हतं.

तिला वाटत होतं, ते दाखवलं तर काम फसलेलं दिसेल. माझ्या अनुभवात खरी टीका नेमकी या दडवलेल्या जागेपासून सुरू होते. जे काम आम्हाला दाखवलं जातं ते आधीच पुसून-धुऊन आलेलं असतं. त्यावर अक्षरांचे आकार आणि रंग यापलीकडे काय बोलणार? पण ज्याला विचारताय त्याला तुम्ही गाळलेली गोष्ट सांगितलीत, तर तो सरळ कामाच्या पोटात शिरतो. म्हणून माझ्या लेखी या मेसेजमध्ये एक ओळ सक्तीची आहे: 'पोर्टफोलिओत नाही, पण घडलं ते असं.'

ती ओळ कशी लिहायची? घडलं तेवढंच लिहायचं, त्यावर मत द्यायचं नाही. 'माझी चाचणी थोडी कमी पडली असं वाटतं' हे मत झालं. 'काकांनी दोन ग्लासांनंतर नमुना काढला आणि चिपाड हाताने दाबायला सुरुवात केली' ही घटना. पहिल्यावर मी तुम्हाला धीर देईन, दुसऱ्यावर मी प्रश्न विचारेन.

बाकीचा मेसेज या ओळीभोवती बसवायचा. कुठल्या संस्थेला, कुठल्या शाखेला, कधी. कुठली पानं. कशात तुमचा हात किती. काय बदलणं शक्य आहे आणि काय नाही. आणि दोन प्रश्न, तिसरा नको. प्रश्न असे हवेत की त्यांचं उत्तर 'छान' असं देताच येणार नाही. 'कसं वाटलं?' ला 'छान' चालतं. 'या पानावर मुलाखतीत तुम्ही काय विचाराल?' ला चालत नाही. माझा सगळ्यात आवडता प्रश्न हाच, कारण त्याचं उत्तर देताना मी टीका करतेय असं मलाच वाटत नाही; मी फक्त टेबलाच्या पलीकडे जाऊन बसते आणि आपोआप कठोर होते. 'वाचताना कुठल्या पानावर तुम्ही भरभर पुढे सरकवायला लागलात?' हाही चांगला प्रश्न. 'माझं होईल का?' हा निरुपयोगी. त्याचं उत्तर कुणाकडे नसतं आणि नाही म्हणायची कुणाची छाती नसते.

दुसरा मेसेज

> नमस्कार ताई. फोनवर बोललो त्याप्रमाणे पुन्हा लिहितेय.
>
> आयडीसी आणि एनआयडी, दोन्हीकडे इंडस्ट्रियल/प्रॉडक्ट डिझाइनसाठी अर्ज करणार आहे. मुलाखतीचं बोलावणं आलं तर साधारण चार आठवडे हातात आहेत असं धरलंय.
>
> फाइल सव्वीस पानांची आहे. तुम्ही फक्त १२ ते १७ ही पानं (रसवंतीचं कवच) वाचावीत अशी विनंती. बाकीची चाळली नाहीत तरी चालेल.
>
> या कामात निरीक्षण, रेखाटनं आणि पुठ्ठ्याचा नमुना माझा. रेंडर माझ्या मित्राने केलंय, तसं पानावर लिहिलंय.
>
> पोर्टफोलिओत नाही, पण घडलं ते असं: नमुना लावल्यावर अख्खा ऊस नीट गेला. दुसऱ्या फेरीला काकांनी चिपाडाची घडी घालून, त्यात लिंबू-आलं ठेवून आत ढकलायचा प्रयत्न केला, ते तोंडात अडकलं. दोन ग्लासांनंतर त्यांनी नमुना काढून ठेवला. मी फक्त पहिल्या फेरीचा फोटो लावलाय.
>
> दोन प्रश्न:
> १. पान १४ बघून मुलाखतीत तुम्ही मला काय विचाराल?
> २. हे काम ठेवू की काढू? काढलं तर माझ्याकडे तीनच कामं उरतात, आणि त्यातलं एक चौघांचं आहे.
>
> पत्र्याचा खरा नमुना करायला मला वेळ आणि पैसे नाहीत. पुठ्ठ्यात पुन्हा करू शकते, रसवंतीवर पुन्हा जाऊ शकते.
>
> पुढच्या रविवारपर्यंत जमलं तर बरं होईल. व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल, मी उतरवून घेईन. नाही जमलं तर तसं कळवा, राग नाही.

वाचताना बघा, यात 'प्रामाणिक' हा शब्द नाही. कौतुक नाही, प्रेरणा नाही. 'बाकीची चाळली नाहीत तरी चालेल' या एका ओळीने माझं ओझं उतरवलं, आणि गंमत म्हणजे त्यामुळेच मी ती सगळी चाळली. मर्यादाही सांगितलीय: पत्र्याचं शक्य नाही, पुठ्ठ्याचं आहे. नाहीतर मी सहज 'खरा नमुना बनव' असं लिहून मोकळी झाले असते, आणि ते मत फुकट गेलं असतं.

नकाराला वाट ठेवलीय, तीही महत्त्वाची. 'नाही जमलं तर कळवा' म्हटलं नाही तर लोक नाही म्हणत नाहीत, नुसते गप्प बसतात. आणि तुमचे दहा दिवस त्यात जातात.

त्यावर मी काय लिहिलं

पूर्ण देत नाही, मुद्द्याचं तेवढं देते.

पहिल्या प्रश्नाला मी लिहिलं: 'मी विचारेन, हात रोळाच्या सगळ्यात जवळ कधी जातो? तुझ्याच तेराव्या पानावरच्या चार फोटोंत उत्तर आहे. अख्खा ऊस असतो तेव्हा हात दोन फूट लांब असतो. चिपाड आखूड आणि मऊ असतं, ते रोळ पकडेपर्यंत दाबून धरावं लागतं. धोका तेव्हा आहे. तू ज्या वेळेसाठी कवच केलंस त्या वेळी कवचाची गरजच फारशी नव्हती.'

पुढे: 'घडी घातलेलं चिपाड किती रुंद होतं, मोजलंस का? आणि साठ मिमीच्या फटीतून हात जातो. यंत्रांच्या सुरक्षेचं आयएसओ १३८५७ हे मानक बघ: चाळीस ते एकशेवीस मिमीच्या फटीमागे धोक्याची जागा किमान साडेआठशे मिमी लांब असावी असं त्यात धरलंय, म्हणजे जवळजवळ अख्खा हात. तुझं तोंड दीडशेचं आहे. साडेआठशेचं केलंस तर ते हातगाडीच्या बाहेर जाईल आणि चिपाड ढकलता येणार नाही. म्हणजे नळीसारखं कवच हे उत्तरच इथे लागू नाही. तू मेकॅनिकलची आहेस, पॅनल हे तुला विचारणारच.'

दुसऱ्या प्रश्नाला: 'ठेव. पण शेवटचं रेंडर काढ आणि काकांनी काढून ठेवलेला नमुना दाखव.'

उपाय काय करावा, हे मी मुद्दाम लिहिलं नाही. सुचलं होतं. पण मी सांगितलं असतं तर ते माझं काम झालं असतं. मार्गदर्शकाने उपाय द्यायला सुरुवात केली तर तुम्हीच त्याला थांबवा: 'ताई, अडचण कुठे आहे तेवढंच सांगा, पुढचं मी करून दाखवते.' असं म्हणणाऱ्या मुलांना मी पुढच्या वेळी आनंदाने वेळ देते.

मत आल्यावर

पहिले काही तास उत्तर द्यायचं नाही. हे सोपं नाही. तिने अर्ध्या तासात लिहिलंच, 'पण ताई, काकांनी आधी सांगितलं होतं की चालेल.' हे खरं असेल. पण तो बचाव आहे, आणि बचाव सुरू झाला की मत देणारा मऊ पडतो. पुढचं मत तुम्हाला गुळात घोळवून मिळतं. एवढंच लिहा: 'मिळालं, वाचलं, दोन दिवसांत लिहिते.' दुसऱ्या दिवशी तिनेही तेच केलं.

मग कागदावर प्रत्येक मुद्दा एका ओळीत लिहून त्यासमोर लिहायचं की हा मुद्दा तपासता कसा येईल. 'चिपाड किती रुंद?' हा फूटपट्टीने तपासता येतो. 'रेंडर काढ' ही माझी आवड आहे, तपासता येत नाही; तिथे तुमचा निर्णय. दोन मार्गदर्शकांची मतं उलटसुलट आली तरी हीच चाळणी वापरा. तिच्या दुसऱ्या मार्गदर्शकाने सांगितलं होतं की रेंडर ठेव, त्याने काम पूर्ण झाल्यासारखं दिसतं. आता कुणाचं ऐकायचं? दोघांपैकी कुणाचं नाव मोठं, हा निकष नाही. त्या चित्रावर बोट ठेवून तीन मिनिटं बोलता येतं का, हे तिने स्वतःला विचारलं. रेंडर मित्राने केलेलं, तिला बोलता येईना. काढलं.

एक गोष्ट मात्र तिने माझी ऐकली नाही. मी म्हटलं होतं की कॉलेजचा चौघांचा प्रकल्प काढून टाक. तिने ठेवला, एका पानात आणला, आणि त्यावर फक्त तिने केलेला एक जोड दाखवला: चुकलेला, मग दुरुस्त केलेला. ते पान बघितल्यावर मला पटलं.

त्यानंतर ती दोनदा रसवंतीवर गेली. एकदा दुपारी तीनला, गर्दीच्या वेळी. पहिल्या खेपेला ती सकाळी गेली होती, तेव्हा काकांना वेळ होता म्हणून ते तिच्या मनासारखं सावकाश वागले होते. गर्दीत माणूस कसा काम करतो ते तिला आत्ता दिसलं: एका हाताने चिपाड दाबायचं, दुसऱ्याने पैसे घ्यायचे, नजर गिऱ्हाइकाकडे. घडी घातलेल्या चिपाडाची रुंदी तिने आठ वेळा मोजली; नव्वद ते एकशेदहा मिमी भरली. साठच्या फटीत ते जाणार कसं?

शेवटचा मेसेज

हा बहुतेक जण पाठवतच नाहीत. मत घेतात, आभार मानतात, गायब होतात. पुढच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ मेसेज करतो. मत देणाऱ्याला आपल्या बोलण्याचं काय झालं ते कळलं पाहिजे. तेही थोडक्यात, आणि पुन्हा अख्खी फाइल न पाठवता. तिने असं पाठवलं:

> ताई, तीन गोष्टी बदलल्या. पान १४ वर आता काढून ठेवलेल्या नमुन्याचा फोटो आहे, खाली चिपाडाची आठ मापं. पान १६ वर साडेआठशेचा हिशेब हातगाडीच्या आकृतीवर काढून दाखवलाय, आणि नळी का चालणार नाही ते लिहिलंय. पान १७ वर नवीन दिशा: चिपाड दाबायला लाकडी दट्ट्या. पुठ्ठ्याचं तबक आणि लाकडाचा तुकडा घेऊन एकदा वापरून बघितलंय, काकांनी एक तास ठेवला. गर्दी झाल्यावर तो हातातून खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून तेव्हा सोडून दिला. हेही पानावर लिहिलंय.
>
> रेंडर काढलं. कॉलेजचा प्रकल्प ठेवलाय, कारण पान २२ वर आहे. फक्त १४ आणि १७ ही दोन पानं जोडतेय. पुन्हा मत नकोय, कळावं म्हणून.

मी दोन्ही पानं उघडली. सतराव्या पानाच्या कोपऱ्यात फोनने काढलेला एक लहान फोटो होता, थोडा हललेला: चरकाच्या चौकटीवर दोन खिळ्यांच्या मधे अडकवलेला लाकडी दट्ट्या. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतः खिळे मारले.'

मी विचारलं, 'हे मेसेजमध्ये का नाही लिहिलंस?'

'ते आज सकाळचंय,' ती म्हणाली. 'अजून गर्दीत बघायचंय.'